स्तोत्रांतली समांतरता: लाउथचे तीन प्रकार की कुगेलचा एक प्रश्न?

एका शिक्षिकेने विचारलं, बायबलमधल्या स्तोत्रांच्या वर्गात समांतरतेच्या, म्हणजे ओळीचे दोन अर्धे एकमेकांशी कसे जुळतात याच्या, पृथक्करणाचा सराव कोणत्या पद्धतीने घ्यावा, लाउथच्या की कुगेलच्या? दोन्ही पद्धती एकाच ओळीवर लावून पाहू: स्तोत्र १९:१. हिब्रू क्रमाने ती अशी: "आकाश सांगतं देवाचं वैभव, आणि त्याच्या हातांचं काम जाहीर करतं अंतराळ."

हिब्रू काव्याचे अभ्यासक रॉबर्ट लाउथ (१७५३) यांनी समांतरतेचे तीन प्रकार सांगितले: समानार्थी, विरोधी आणि संयोजक, म्हणजे दुसरा अर्धा पहिल्याचा विचार पुढे नेणारा. मुलं जोड्या लावतात, आकाश–अंतराळ, सांगणं–जाहीर करणं, आणि पाच मिनिटांत "समानार्थी" लिहून मोकळी होतात. वेळ कमी लागतो, पण शोधही तिथेच थांबतो.

बायबलचे अभ्यासक जेम्स कुगेल (१९८१) विचारतात: दुसऱ्या अर्ध्या ओळीने नवं काय दिलं? मग दिसतं की "वैभव" ही अमूर्त गोष्ट पुढे "हातांचं काम" झाली, म्हणजे डोळ्यांना दिसणारी. शब्दक्रमही उलटला: कर्ता शेवटी गेला, त्यामुळे ओळ आकाशात सुरू होऊन आकाशातच संपते. मराठी भाषांतरात हा क्रम बहुधा हरवतो, म्हणून फळ्यावर हिब्रू क्रम लिहावाच.

लाउथची पद्धत २३:१ ला अडते. "परमेश्वर माझा मेंढपाळ, मला उणं पडणार नाही" हे "संयोजक" ठरतं, पण त्या खान्यात उरलंसुरलं सगळंच जातं. कुगेलचा प्रश्न इथे कार्यकारण दाखवतो. त्याचा धोका वेगळा: मुलं नसलेली वाढही शोधून काढतात. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत ओळीतला शब्द दाखवायला लावावा.

पहिल्यांदाच स्तोत्र वाचणाऱ्यांना लाउथ पुरे. ज्यांना जोड्या सहज दिसतात, त्यांना कुगेल द्या.