पेपरचं भाषांतर: उलट भाषांतर करून तपासायचं की दोघांकडून वेगवेगळं करून घ्यायचं?

विज्ञानाचा पेपर इंग्रजीत सेट झालाय, तोच मराठीत करायचाय आणि दोन्ही माध्यमांच्या मुलांचे मार्क एकाच यादीत लागणार आहेत, अशा वेळी निवड साधारण दोन पद्धतींमधे असते. पहिली म्हणजे उलट भाषांतर: एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ पेपर न बघता ते परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक शोधायचा. दुसरी म्हणजे दोन जणांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र मराठी करायचं आणि मग तिसऱ्याने, जो विषय शिकवतो, दोन्ही समोर ठेवून एक पक्कं करायचं. पिसासारख्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ही दुसरी पद्धत वापरतात, तिथे तर मूळ पेपरच इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत दिलेला असतो.

बऱ्याच लोकांना वाटतं की उलट भाषांतर स्वस्त पडतं, पण नीट बघितलं तर भाषांतराला माणसं दोन्हीकडे दोनच लागतात आणि शेवटी कोणीतरी बसून तुलना करायचीच असते. मग फरक कुठे आहे? दुसऱ्या माणसाचा वेळ तुम्ही इंग्रजी लिहिण्यात घालवताय की मराठी, एवढाच. आणि मुलं वाचणार आहेत मराठी.

एक प्रश्न घेऊन बघू. इंग्रजीत गाळलेली जागा आहे, बहुतेक बियांना रुजायला अमुक गोष्ट लागत नाही, पर्याय हवा, पाणी, योग्य तापमान आणि प्रकाश. उत्तर प्रकाश. भाषांतर करणाऱ्याने लिहिलं, ‘बहुतेक बिया रुजण्यासाठी ____ आवश्यक नसतो.’ वाचायला एकदम स्वच्छ. पण ‘नसतो’ पुल्लिंगी आहे आणि चार पर्यायांत पुल्लिंगी फक्त प्रकाश, त्यामुळे ज्याला बीजांकुरणाचं काहीच माहीत नाही तो मुलगासुद्धा एक एक पर्याय जागेत म्हणून बघेल आणि बरोबर टिक करेल. उलट ‘नसते’ लिहिलं तर बाकीचे तिन्ही बसतात आणि नेमकं बरोबर उत्तरच खटकतं, म्हणजे अभ्यास केलेलं मूल अडखळणार. आता हे परत इंग्रजीत करा. दोन्ही वाक्यांचं इंग्रजी अगदी सारखं येतं, कारण इंग्रजी क्रियापदाला लिंगच नाही! उलट भाषांतरात ही चूक दिसूच शकत नाही, माणूस कितीही हुशार असू दे. दोन स्वतंत्र मराठी असतील तर एकाचं ‘नसतो’ आणि दुसऱ्याचं ‘नसते’ शेजारी येण्याची बरीच शक्यता असते आणि तिथे नजर थांबते. उपाय सोपा आहे, गाळलेली जागा काढून ‘बहुतेक बिया रुजताना पुढीलपैकी कशाची गरज नसते?’ असं विचारा, क्रियापद ‘गरज’ शब्दाला धरून चालतं आणि पर्याय मोकळे होतात.

तसंच चाल आणि वेगाचं. इंग्रजी पेपरमधे स्पीडचं एकक विचारलंय आणि एकाने मराठीत ‘वेग’ लिहिलं, जो भौतिकशास्त्रात व्हेलॉसिटी होतो. उलट आणणारा माणूस बोलीतल्या अर्थाने ‘वेग’ला सहज स्पीड लिहून टाकतो आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. दोन भाषांतरांत एक चाल आणि एक वेग आला की वाद होतो, आणि तो वाद झालेलाच बरा.

पण दुसरी पद्धतही सगळं पकडते असं नाही. ‘पुढीलपैकी हर्बिव्होर कोण?’ याचं मराठी दोघंही ‘शाकाहारी’ किंवा ‘तृणभक्षी’ करतील, आणि दोन्हीत प्राणी काय खातो ते शब्दातच सांगितलेलं आहे, इंग्रजीत मात्र ती संज्ञा पाठ असावी लागते. म्हणजे भाषांतर बरोबर पण प्रश्न सोपा झाला. इथे मराठीत मुद्दाम अवघड शब्द घुसवू नका, त्याने वेगळाच अन्याय होतो. मूळ इंग्रजी प्रश्नच बदलायचा, ‘वनस्पती खाऊन जगणारा प्राणी’ असं दोन्हीकडे सरळ लिहायचं. म्हणून मराठी पक्कं होईपर्यंत इंग्रजी पेपर छपाईला सोडू नका, एवढी एक अट पाळली तरी अर्धं काम होतं असं माझं ठाम मत आहे.

मग उलट भाषांतर कधी घ्यायचं? जेव्हा अंतिम सही करणाऱ्याला ती भाषा वाचताच येत नाही तेव्हा, आणि आकडे, एककं, सुटलेला पर्याय, गळलेलं ‘नाही’ असल्या ढोबळ चुका पकडायला. त्यासाठी ते चांगलं आहे. नकारावरून आठवलं, इंग्रजीत नॉट मोठ्या अक्षरांत छापतात, मराठीत मोठी अक्षरं नाहीत आणि ‘नाही’ वाक्याच्या टोकाला जातं, तेव्हा ते ठळक करा किंवा खाली रेघ मारा.

गुणदान योजनेचं काय, हे बहुतेक जण शेवटच्या दिवसावर ढकलतात आणि तिथेच मार्क इकडे तिकडे होतात. समजा योजनेत लिहिलंय की संज्ञेला 1 गुण आणि स्पष्टीकरणाला 1. मराठीत एकाच गोष्टीला दोन दोन शब्द चालू असतात, काही मुलं इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितात, ते धरायचं की नाही हे आधी लिहून ठेवलं नाही तर प्रत्येक परीक्षक आपल्या मनाने ठरवतो. शब्दमर्यादाही तशीच्या तशी आणू नका. मराठीत विभक्ती आणि बरीच शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे 30 शब्दांत मराठी मूल इंग्रजीपेक्षा जास्त सांगू शकतं. ‘दोन कारणे लिहा’ अशी मुद्द्यांची मर्यादा दोन्हीकडे सारखी बसते. हे काम दोन्ही पद्धतींत आपोआप होत नाही, पण दुसऱ्या पद्धतीत विषयशिक्षक बैठकीत असतोच, त्यामुळे तिथेच उरकून घेता येतं.

परीक्षा झाल्यावर निकालाआधी एकदा आकडे बघा. नुसती टक्केवारी लावू नका, कारण एका माध्यमाची मुलं एकूणच जरा पुढे असू शकतात. एकूण मार्क साधारण सारखे असलेली दोन्हीकडची मुलं घ्या आणि प्रश्नागणिक किती जणांचं बरोबर आलं ते बघा. बाकी सगळे प्रश्न जवळपास आणि एखादाच 25-30 टक्क्यांनी वेगळा पडला तर तो उघडून वाचा. प्रत्येक गटात 40च मुलं असतील तर 10 टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, त्यावरून भाषांतराला दोष देऊ नका. आणि प्रश्न खरंच बिघडलेला निघाला तर तो दोन्ही माध्यमांतून काढा, एकाच माध्यमाला फुकट गुण दिले तर यादी परत तिरकी होते.