थर्मोचा शेवटचा महिना: युनिटच्या क्रमाने जायचं की जुन्या पेपरांवरून उलटं?

सेमिस्टरला महिना उरला की मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात दोन तट पडतात. एक म्हणतो, पहिल्या युनिटपासून नीट वाचत जाऊ, पेपर शेवटच्या आठवड्यात सोडवू. दुसरा म्हणतो, गेल्या पाच-सहा वर्षांचे पेपर काढा, गणितांचे प्रकार वेगळे करा आणि थेट सोडवायला बसा, अडलं तिथेच पुस्तक उघडा. दोन्ही पद्धतींनी पास झालेले आहेत, दोन्ही पद्धतींनी गटांगळ्या खाल्लेलेही आहेत. आमच्या मते दोहोंतली निवड माणसावर कमी आणि युनिटवर जास्त अवलंबून आहे. ती कशी, ते पुढे.

आधी हाताशी किती वेळ आहे ते पाहा. बाकी चार विषय सांभाळून थर्मोला रोज दीड तास मिळाला, तर अठ्ठावीस दिवसांत बेचाळीस तास होतात. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये एंड-सेम ७० गुणांची आणि अडीच तासांची असते. ती तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर असते आणि प्रश्न जोडीने येतात: पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा, असे. जोडीतले दोन्ही प्रश्न एकाच युनिटचे. म्हणजे 'एक युनिट ऑप्शनला टाकतो' हे गणित इथे चालतच नाही. युनिट सोडलं की सतरा-अठरा गुण सरळ गेले. तुमचं विद्यापीठ किंवा पॅटर्न वेगळा असेल, तर जुन्या पेपरचं पहिलं पान आधी वाचा. पर्याय युनिटच्या आत आहे की बाहेर, यावर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

क्रमाने जाण्याचा फायदा दिसतो तो एन्ट्रॉपी, अव्हेलेबिलिटी आणि वाफेच्या सायकलमध्ये. ही प्रकरणं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. ते कसं, हे पाहायला रँकिन सायकलचं एक साधं गणित घेऊ. टर्बाइनला २० बार, ३०० अंश सेल्सिअसची वाफ, कंडेन्सर ०.१ बारला. स्टीम टेबलमधून घेतलेले आकडे आणि पायऱ्या अशा:

```
h1 = 3024.2 kJ/kg,  s1 = 6.7684 kJ/kg·K
0.1 bar: hf = 191.8, hfg = 2392.1, sf = 0.6492, sfg = 7.4996
s2 = s1  →  x2 = (6.7684 − 0.6492)/7.4996 = 0.816
h2 = 191.8 + 0.816 × 2392.1 ≈ 2143.6
wT = h1 − h2 = 880.6
wP = 0.00101 × (2000 − 10) = 2.0
h4 = 191.8 + 2.0 = 193.8
η  = (880.6 − 2.0)/(3024.2 − 193.8) = 0.31
```

(तुमच्या पुस्तिकेत शेवटचा आकडा थोडा वेगळा असेल, त्याने बिघडत नाही.)

पायऱ्या आठ-नऊच, पण प्रत्येक पायरी मागच्या एखाद्या प्रकरणातून आली आहे. `s2 = s1` का, याचं उत्तर दुसऱ्या नियमात आहे. टर्बाइनचं काम नुसता एन्थाल्पीचा फरक का, ते स्टेडी फ्लो समीकरणात. वाफ ओली आहे की सुपरहीटेड, हे ठरवायला ०.१ बारचा sg ८.१४८८ आहे आणि आपला s त्यापेक्षा कमी आहे, हे बघायला लागतं. जो नुसता पेपर बघून हा साचा पाठ करतो, तो नेमका या तिसऱ्या जागी अडकतो. पेपरात वाफ जास्त तापवलेली असते, टर्बाइनमधून निघताना ती सुपरहीटेडच राहते, आणि याचा ड्रायनेस फ्रॅक्शन १.०४ येतो. एकापेक्षा मोठा x म्हणजे चुकीच्या टेबलात शिरलात, याची ती खूण आहे. पण साचेवाला ती खूण वाचत नाही, १.०४ घेऊनच पुढे जातो.

चुका कुठे होतात तेही याच गणितात दिसतं. सर्वांत जास्त सापडणारी म्हणजे hfg ऐवजी शेजारच्या रकान्यातला hg घेणं. मग h2 २३०० येतो, टर्बाइनचं काम ७२४ वर घसरतं आणि कार्यक्षमता २५.५ टक्के दिसते. आकडा अगदी शहाणा वाटतो, म्हणून चूक सापडत नाही. दुसरी, पंपाच्या कामात बार तसेच ठेवणं: २.० ऐवजी ०.०२ येतात. कार्यक्षमतेवर त्याचा परिणाम नगण्य, पण त्या पायरीचे गुण जातात. तिसरी चूक पडताळा घेताना होते. याच दोन तापमानांमधली कार्नो कार्यक्षमता केल्व्हिनमध्ये ५७३ आणि ३१९ घेऊन सुमारे ४४ टक्के येते. आपले ३१ टक्के त्याच्या खाली आहेत, म्हणजे निदान अशक्य काही लिहिलेलं नाही. सेल्सिअसच ठेवले तर तीच कार्नो ८५ टक्के येते आणि पडताळ्याचा उपयोगच संपतो.

आता प्रश्नात 'टर्बाइनची कार्यक्षमता ८५ टक्के' एवढीच ओळ वाढवा. बरेच जण शेवटच्या ३१ ला ०.८५ ने गुणून २६.४ लिहितात, आणि गंमत म्हणजे उत्तर बरोबर येतं, कारण इथे पंपाचं काम नगण्य आहे. पण पुढच्याच ओळीत टर्बाइनच्या बाहेरचा ड्रायनेस फ्रॅक्शन विचारला असतो. हे ०.८१६ लिहून मोकळे होतात. खरं उत्तर असं: प्रत्यक्ष काम ७४८.५, म्हणून बाहेरची एन्थाल्पी २२७५.७, आणि तिच्यावरून x ०.८७. घर्षणामुळे वाफ अधिक कोरडी निघते, हे ज्याला समजलंय त्याला ०.८१६ लिहिताना खटकतं. हीच सवय गॅस टर्बाइनला नेली की मोठा खड्डा. कंप्रेसरचं आदर्श काम २४४.६ आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भागायचं असतं, ३०६ येतं. गुणणाऱ्याला १९६ मिळतं, म्हणजे कंप्रेसर खराब झाला आणि वीज वाचली! एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी चूक पकडता येते.

म्हणून या युनिटांना क्रमानेच जा, पण क्रमाने म्हणजे पहिल्या पानापासून नव्हे. क्रमवाल्यांचा खरा घोटाळा तोच. पहिला नियम तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आठवडा जातो, आणि एंड-सेमला तो स्वतंत्र प्रश्न म्हणून येतही नाही. बंद सिस्टिम आणि स्टेडी फ्लो यांची दोन-दोन गणितं सोडवा, फार तर दोन दिवस द्या आणि पुढे सरका.

उलट बॉयलरची कार्यक्षमता आणि इंधनाचं ज्वलन इथे जुने पेपर सरळ जिंकतात. या युनिटांत साखळी लांब नाही. बॉयलरच्या गणितात इक्विव्हॅलंट इव्हॅपोरेशन काढायचं तर वाफेच्या एन्थाल्पीतून फीड वॉटरची वजा करायची, किलोमागे तयार झालेल्या वाफेने गुणायचं आणि २२५७ ने भागायचं. २२५७ म्हणजे १०० अंशांवरची सुप्त उष्णता. प्रश्न कितीही फिरवला तरी गाभा हाच. ज्वलनातही किमान हवेचं सूत्र एकच असतं:

```
हवा (kg/kg इंधन) = (100/23) × [ (8/3)C + 8(H − O/8) + S ]
```

कोळशात C ०.८४, H ०.०४, O ०.०६, S ०.०१ असेल, तर उत्तर सुमारे १०.९ किलो. टक्क्यांत ८४ टाकून हजार किलो हवा काढणारे दर वर्षी सापडतात. दगडी कोळशाला साधारण दहा-अकरा किलो हवा लागते, हे डोक्यात असेल तर ते तिथेच थांबतात. ही युनिटं पुस्तकातून वाचत बसण्यात आठ-आठ तास जातात आणि गणिताला हात लागत नाही. इथे आधी पेपरमधली चार गणितं सोडवा, मग थिअरी वाचा. बॉयलरच्या माउंटिंग आणि अॅक्सेसरीजमधला फरक, आकृत्या वगैरे वाचायच्याच आहेत, पण त्या सकाळच्या ताज्या डोक्याला नकोत. रात्री जेवणानंतर चालतात.

तुमचा कल नक्की कुठे असावा हे ठरवायला पहिल्याच दिवशी एक चाचणी घ्या. वरचं रँकिनचं गणित, टर्बाइन कार्यक्षमतेसह, कोऱ्या कागदावर, फक्त स्टीम टेबल घेऊन, पंचवीस मिनिटांत. T-s आकृती काढताच आली नाही किंवा वाफ कुठल्या अवस्थेत आहे हेच ठरवता आलं नाही, तर पहिले बारा दिवस क्रमवाला भाग करा: दोन दिवस पहिला नियम, तीन एन्ट्रॉपी, दोन अव्हेलेबिलिटी, पाच वाफ. आकृती आली पण आकडे चुकले किंवा वेळ पुरला नाही, तर हाच भाग सहा दिवसांत आटोपा आणि उरलेले सहा दिवस पेपरांकडे वळवा. गणित पूर्ण आणि बरोबर आलं, तर पहिल्या दिवसापासून उलट्या पद्धतीने गेलात तरी चालेल. मात्र असे थोडेच असतात, स्वतःला उगाच त्यांत धरू नका.

त्यानंतरचे आठ दिवस ज्वलन आणि बॉयलर, पेपरवरून. उरलेल्या आठ दिवसांत तीन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. अडीच तासांचा पेपर दीड तासाच्या रतीबात बसत नाही, त्यामुळे या तीन दिवसांसाठी दुसऱ्या विषयाचा वेळ आधीच मागून ठेवा. एक दिवस पेपर, दुसऱ्या दिवशी फक्त चुका. अडीच तासांत ७० गुण म्हणजे गुणामागे दोन मिनिटांहून किंचित जास्त, १८ गुणांच्या प्रश्नाला अडतीस मिनिटं. रँकिनला पंचेचाळीस मिनिटं लागत असतील, तर बहुधा तो वेळ विचारात नाही, पुस्तिकेची पानं उलटण्यात जातोय. पेपरच्या सूचनांत लॉग टेबल, स्लाइड रूल, मॉलिएर चार्ट, कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल यांना परवानगी लिहिलेली असते. (स्लाइड रूल आजच्या मुलांनी पाहिलेला नसतो, पण ओळ टिकून आहे.) सरावाची पुस्तिका आणि परीक्षेतली पुस्तिका एकाच आवृत्तीची असू द्या. दाबाचं टेबल आणि तापमानाचं टेबल कुठल्या पानापासून सुरू होतं, आणि सुपरहीटेडमध्ये २० बारनंतर पुढची नोंद कितीची आहे, हे हाताला माहीत असायला हवं. मधला दाब आला तर इंटरपोलेशन आकड्यांनिशी लिहून दाखवा. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं, तर परीक्षकाला गुण द्यायला जागाच राहत नाही.