विकतचं व्हीपीएन घेतलं, पण गावाकडचं घर काही दिसेना: नऊ महिन्यांचा अनुभव

मी पुण्यात नोकरीला, आई-आप्पा खानापूर तालुक्यातल्या गावी. घरी चार कॅमेरे आहेत: फाटक, गोठा, परसू आणि काजूची पोती ठेवतो ती खोली. त्यांचा डीव्हीआर बेळगावात खडेबाजारातनं घेतलेला, सहा वर्षांचा जुना. त्याच्या मोबाईल ॲपमागचा सर्व्हर गेल्या उन्हाळ्यात बंद पडला. कॅमेरे चालू, रेकॉर्डिंग चालू, पण बघायचं तर घरच्या टीव्हीवरच. पावसाळा तोंडावर आलेला, आणि आमच्याकडचा पाऊस काय असतो ते खानापूरकरांना सांगायला नको.

व्हीपीएन म्हणजे सुरक्षित बोगदा, कुठूनही आपल्या नेटवर्कशी जोडतो, असं ऑफिसात रोज ऐकत होतो. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की ऑफिसातला सर्व्हर घरबसल्या उघडतो, मग तसंच घरासाठी का होऊ नये? म्हणून जूनमध्ये एका नावाजलेल्या कंपनीची वर्षाची वर्गणी भरली. ॲप उघडलं, देशांच्या यादीतून ‘भारत’ निवडलं आणि ब्राउझरमध्ये घरच्या डीव्हीआरचा पत्ता टाकला, `192.168.1.64`. काहीच उघडलं नाही.

मग `192.168.1.1` टाकून बघितलं आणि राउटरचं लॉगिन पान लगेच समोर आलं. मला वाटलं, घरापर्यंत पोहोचलो, आता फक्त डीव्हीआरचं काहीतरी अडलंय. घरच्या राउटरचा पासवर्ड टाकला, चुकीचा म्हणाला. आप्पांना फोन करून राउटरच्या मागचा कागद वाचायला लावला, तोही चालेना. शेवटी खोलीवरच्या मित्राने पुण्याच्या राउटरचा पासवर्ड सांगितला, तो चालला. आत जोडलेल्या फोनच्या यादीत पहिलं नाव त्याच्याच फोनचं. दोन तास मी आमच्या खोलीतल्याच राउटरशी झटत होतो. दोन्हीकडे एकाच बनावटीचा राउटर, म्हणून पानही सारखंच.

सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. `192.168` ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात. वाड्यातल्या खोली नंबरासारखे: ‘खोली नंबर १’ प्रत्येक वाड्यात असते. नुसता खोली नंबर सांगून कुणी तुमच्या घरी पोचत नाही, आधी वाड्यात शिरावं लागतं. आणि विकतचं व्हीपीएन तुम्हाला तुमच्या वाड्यात नेतच नाही. त्याच्या बोगद्याचं एक टोक तुमच्या फोनात, दुसरं कंपनीच्या सर्व्हरमध्ये. तिथून तुमचं पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, उघड्या इंटरनेटवर बाहेर पडतं. खानापूरच्या घरात त्या बोगद्याचं कुठलंच टोक नाही, आणि त्या सर्व्हरला आमच्या घराचा रस्ताही माहीत नाही. ऑफिसचं व्हीपीएन चालतं, कारण त्याचं दुसरं टोक ऑफिसच्या इमारतीत बसवलेलं असतं. एवढा एकच फरक, पण पैसे भरण्याआधी मला तो कळला नव्हता.

‘भारत’ निवडण्यातही माझा गैरसमज होता. घराजवळचा सर्व्हर धरला तर घर जवळ येईल असं वाटलेलं. सीईआरटी-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा अनेक मोठ्या कंपन्यांनी भारतातली यंत्रं काढून घेतली. त्यांच्याकडे पत्ता भारताचा मिळतो, यंत्र मात्र सिंगापूरसारख्या ठिकाणी असतं. अर्थात ते यंत्र बेळगावच्या टिळकवाडीत असतं तरी घराचं दार त्यातून उघडलं नसतं.

तरी मी आणखी एक प्रयत्न केला. घरच्या जुन्या लॅपटॉपवर त्याच खात्याने तेच ॲप लावायला आप्पांना सांगितलं. दोघंही एकाच सर्व्हरला जोडलेले, दोघांनाही `10` ने सुरू होणारा पत्ता मिळालेला. पिंग केलं, म्हणजे एकाकडून दुसऱ्याला हाक मारून बघितली, उत्तर नाही. कंपनीच्या मदतनीसाला लिहिलं तेव्हा सरळ उत्तर आलं: ग्राहक एकमेकांना दिसू नयेत असं मुद्दाम केलेलं असतं. आणि ते बरोबरच आहे. त्याच सर्व्हरवर माझ्यासारखे शेकडो अनोळखी लोक असतात. लॅपटॉपला माझा फोन दिसला असता, तर त्या सगळ्यांनाही लॅपटॉप दिसला असता. बाहेरून आत येणाऱ्या पाकिटाचीही तीच गत, कारण सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच. न मागवलेलं पाकीट आलं तर ते कुणाचं हे सर्व्हरला ठरवता येत नाही, तो ते टाकून देतो. काही कंपन्या पोर्ट फॉरवर्डिंग किंवा यंत्रं एकमेकांना जोडायची सोय वेगळी देतात, पण ती वेगळी सोय आहे. साध्या वर्गणीत ती असेलच असं धरू नका.

मधल्या काळात कॅमेरे बसवणाऱ्याने सोपा उपाय सुचवला: राउटरमध्ये पोर्ट उघडून डीव्हीआर थेट इंटरनेटवर ठेवायचा. हे मी केलं नाही आणि कुणी करू नये असं कळकळीने सांगतो. २०१६ च्या मिराई हल्ल्यात असेच कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी वेठीला धरले गेले होते. आमच्या डीव्हीआरला तर कितीतरी वर्षांत अपडेट नाही.

गणपतीला गावी गेलो तेव्हा सोबत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक नेला. त्यावर वायरगार्ड हे स्वतःचं व्हीपीएन उभारायचं सॉफ्टवेअर बसवलं, राउटरमध्ये फक्त यूडीपी 51820 पोर्ट त्याच्याकडे वळवला. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर जोडलं. ॲप ‘चालू’ दाखवत होतं, पण हँडशेक, म्हणजे दोन टोकांची एकमेकांशी ओळख पटणं, काही होईना. वायरगार्ड समोरून उत्तर आलं नाही तरी चालूच दिसतं, त्यामुळे त्या बटणावर विश्वास ठेवू नका. ‘latest handshake’ ची ओळ आली तरच जोडणी झाली.

कारण राउटरच्या स्टेटस पानावर सापडलं. तिथे बाहेरचा पत्ता `100.72` ने सुरू होत होता, आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच. `100.64` ते `100.127` ही पट्टी इंटरनेट देणाऱ्यांनी आपल्या आत वापरायची आहे. म्हणजे आमच्या केबलवाल्याने अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता दिलेला. याला सीजीनॅट म्हणतात. मी माझ्या राउटरात पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण बाहेरचं पाकीट केबलवाल्याच्या यंत्रापाशीच अडतं. स्वतःचं व्हीपीएन लावणाऱ्याने पायला हात लावण्याआधी हे दोन पत्ते जुळतात का बघावं. जुळले तर अर्धं काम झालं. आमच्या केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आमचा असा कायमचा पत्ता, मागितला, तो घरगुती जोडणीला देत नाही म्हणाला.

मग उलट्या बाजूने गेलो. आत यायला बंदी असली तरी घरातून बाहेर जायला नाही. मुंबईतला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला, महिना साडेचारशेच्या आसपास. घरचा पाय स्वतःहून त्याला जोडतो आणि जोडणी धरून ठेवतो. माझा फोनही तिथेच जोडतो. सर्व्हर दोघांमध्ये पाकिटं फिरवतो. पायच्या बाजूला महत्त्वाचं एवढंच:

```
[Peer]
PublicKey = <सर्व्हरची की>
Endpoint = <सर्व्हरचा IP>:51820
AllowedIPs = 10.8.0.0/24
PersistentKeepalive = 25
```

शेवटची ओळ नसती तर थोड्या वेळाने केबलवाल्याचं यंत्र ही जोडणी विसरून गेलं असतं. पाय दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवून वाट उघडी ठेवतो.

त्याच दिवशी घरच्या नेटवर्कचा पत्ता बदलून `192.168.37` केला, म्हणजे पुण्याशी टक्कर नको. राउटरमध्ये बदल केला आणि डीव्हीआर गायब. त्याला पत्ता हाताने दिलेला होता, तो जुन्याच नंबरावर बसून राहिला. टीव्हीला माऊस जोडून त्याच्या सेटिंगमध्ये `192.168.37.64` आणि नवा गेटवे भरला तेव्हा परत आला. हे काम घरात असतानाच करायचं, लांबून नाही.

तरीही फोनवरून पाय दिसे, डीव्हीआर दिसेना. इथे माझे दोन दिवस गेले, म्हणून सविस्तर सांगतो. पिंग चार पायऱ्यांनी करा: आधी सर्व्हर, मग पायचा बोगद्यातला पत्ता `10.8.0.2`, मग पायचा घरातला पत्ता `192.168.37.10`, शेवटी डीव्हीआर. जिथे उत्तर थांबेल तिथेच दोष. माझं आधी तिसऱ्या पायरीवर थांबलं. सर्व्हरवर पायच्या नावापुढे घरचं नेटवर्क लिहायचं राहिलं होतं. ते असं हवं:

```
AllowedIPs = 10.8.0.2/32, 192.168.37.0/24
```

मग चौथ्या पायरीवर अडलं. पाकीट डीव्हीआरपर्यंत पोचत होतं, पण परतीचं उत्तर तो आपल्या राउटरकडे देत होता, आणि राउटरला `10.8.0` हे गाव ठाऊकच नाही. पायवर फॉरवर्डिंग आधीच चालू केलेलं, आता मास्करेड लावलं. त्यामुळे डीव्हीआरला पाकीट पायकडूनच आल्यासारखं दिसतं आणि उत्तर योग्य हातात पडतं. रात्री साडेअकराला परसवात बसून मोबाईल डेटावर गोठा बघितला. म्हैस रवंथ करत होती.

आता सहा महिने हेच वापरतोय. नोव्हेंबरात आप्पांचा फोन आला, “अरे, लाईट कधीच आल्या, पण तुझं ते यंत्र चालायलंय का बघ की.” सर्व्हरवर `wg show` केलं तर शेवटचा हँडशेक चाळीस मिनिटांपूर्वीचा. चालू जोडणीत तो साधारण दर दोन मिनिटांनी ताजा होतो, म्हणजे घर तुटलेलं. आमचा पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, पण केबलवाल्याचा खांबावरचा डबा नाही. तो सुरू झाल्यावर पाय आपणहून जोडला गेला, कुणाला काही करावं लागलं नाही. कॅमेऱ्यांबरोबर पायला लावलेल्या हार्डडिस्कवरचे जमिनीचे उतारेही आता पुण्यातून उघडतात.

उणिवाही आहेत. पाकिटं मुंबईच्या सर्व्हरवर एकदा उघडून पुन्हा बंद होतात, त्यामुळे तो सर्व्हर नीट सांभाळणं, अपडेट करणं माझ्यावर आहे. ज्याला हे नको त्याने टेलस्केल वापरावं. सीजीनॅटमागेही चालतं आणि भाड्याचा सर्व्हर लागत नाही, फक्त जोडणी जुळवून देण्याचं काम त्या कंपनीच्या हाती राहतं. शिवाय अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, म्हणून विकतचं आणि घरचं एकत्र लावता येत नाही.

विकतच्या व्हीपीएनबद्दल माझी तक्रार नाही. लॉजच्या किंवा स्टँडवरच्या वायफायवर ते मी अजून लावतो. वायफायवाल्याला मी काय बघतोय ते दिसत नाही आणि साइटला माझा पत्ता कळत नाही, हे काम ते चोख करतं. माझं घरचं व्हीपीएन ते काम करत नाही, कारण फोनचं बाकीचं इंटरनेट त्यातून जातच नाही. जूनमध्ये वर्गणी संपेल तेव्हा ती वाढवणार नाही, मला तेवढी गरज नाही. निपाणीच्या ताईलाही घरचे कॅमेरे बघायचे आहेत. तिच्या फोनसाठी `10.8.0.4` राखून ठेवलाय, पाडव्याला ती आली की जोडून देईन.