दोन्ही पद्धतींनी १६ कोटीच आले, आणि तिथंच मी फसलो

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे ५ टक्के शेअर्स मी ८० लाखांना घेतले. पैसे वडिलांच्या जमिनीच्या मोबदल्याचे होते, भावाचा वाटाही त्यातच. फाउंड्रीचा मालक पाहुण्यांच्यातलाच. त्याचं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण ज्या हिशेबाने मला गंडवलं तो हिशेब पूर्ण मांडतो. तो कागद आणखी कुणापुढे ठेवला जाईल याची मला खात्री आहे.

मालकाने एक सल्लागार आणला होता. शाहूपुरीतल्या हॉटेलात बसून त्याने लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला. शेअर बाजारात नोंदलेल्या पाच कास्टिंग-फोर्जिंग कंपन्या, त्यांचा सरासरी पी/ई २५. म्हणजे कंपनी वर्षाला १ रुपया निव्वळ नफा कमावते, तर बाजार तिच्या मालकीला २५ रुपये देतो. आपल्या फाउंड्रीचा निव्वळ नफा ६४ लाख. ६४ लाख गुणिले २५, बरोबर १६ कोटी.

मग दुसरी पद्धत. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, ज्याला सगळे एबिटडा म्हणतात, तो १ कोटी ६० लाख. त्याच पाच कंपन्यांचा ईव्ही-एबिटडा गुणक, म्हणजे धंद्याची किंमत एबिटडाच्या किती पट ते, सरासरी १०. पुन्हा १६ कोटी. त्याने दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल काढला आणि म्हणाला, "काका, दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलो आणि एकाच गावात पोचलो. याच्यापेक्षा भक्कम पुरावा काय पाहिजे?"

मला ते पटलं. मी पंपाच्या सुट्या भागांचा धंदा पंचवीस वर्षं केलाय, मापं दोनदा घ्यायची सवय आहे. दोनदा घेतलेलं माप जुळलं की आपण निर्धास्त होतो. त्या जुळण्यावरच मी सही केली.

सगळं उघडं पडलं दीड वर्षानं, राजारामपुरीतल्या एका सीए मॅडमच्या ऑफिसात. मित्राची मुलगी, लहानपणापासून बघितलेली. तिने तो तक्ता वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, कंपनीवर कर्ज किती आहे?" मी म्हणालो, विशेष नाही असं सांगितलं होतं. ताळेबंद मागितला तेव्हा "ऑडिट चालू आहे" म्हणून फक्त नफा-तोट्याचं पान दिलं होतं.

तिने कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, पी/ई. उजवीकडे, ईव्ही. पी/ई निव्वळ नफ्यावर लावतात. तो नफा बँकेचं व्याज देऊन उरलेला असतो, म्हणून येणारी किंमत फक्त शेअरधारकांची. एबिटडा व्याजाच्या आधीचा असतो. त्यात बँकेचाही वाटा आहे. म्हणून त्यावरून येणारी किंमत अख्ख्या धंद्याची, बँक आणि मालक दोघांची मिळून. तिलाच एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात. त्यातून कर्ज वजा करून हाताशी असलेली रोकड मिळवली की मग शेअरची किंमत निघते.

"कर्ज असलेल्या कंपनीत हे दोन आकडे सारखे येता कामाच नयेत," ती म्हणाली. "सारखे आले, म्हणजे एकतर कर्ज नाही, नाहीतर कुणीतरी ते वजा करायचं टाळलंय."

जो लाल गोल बघून मी विश्वास ठेवला, तोच फसवणुकीची खूण होता. घर विकणारा अख्ख्या फ्लॅटचा भाव सांगतो आणि त्यावरचं गृहकर्ज लपवतो, तसंच हे.

तिने त्याच दुपारी एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावावरच्या चार्जेसची यादी काढली. कंपनीने कुठल्या बँकेकडे काय तारण ठेवलंय ते तिथे कुणालाही दिसतं. मला हे आधी माहीत असतं तर सही करण्याआधी संध्याकाळी घरी बसून बघता आलं असतं. थोडी फी भरून कंपनीने दाखल केलेला ताळेबंदही मिळाला. मुदत कर्ज १ कोटी ५५ लाख. खेळत्या भांडवलासाठीचं कॅश क्रेडिट १ कोटी २५ लाख. मालकाच्या कुटुंबाने कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज ६० लाख. रोकड १० लाख. म्हणजे निव्वळ कर्ज ३ कोटी ३० लाख. कॅश क्रेडिटचा आकडा ३१ मार्चचा होता. त्या महिन्यात पिग आयर्न आणि भंगारवाल्यांची बिलं थकवून तो खाली आणला होता, हे पुरवठादारांच्या देण्यावरून तिने दाखवलं. पण ती रक्कम तिने हिशेबात धरली नाही. माझ्या बाजूने फार ओढून धरल्यासारखं होऊ नये म्हणून.

घरातल्या माणसाचं कर्ज हे कर्ज नाही, असं मला वाटत होतं. ते चूक आहे. कंपनीने ते परत करायचंच असतं, आणि शेअरधारकाच्या आधी.

मग ती नफ्याकडे वळली, आणि इथे मला जास्त वाईट वाटलं, कारण यातलं निम्मं मला डोळ्यांनी दिसत होतं. १ कोटी ६० लाखांच्या एबिटडात २२ लाख जुनं मशीन विकल्याचा नफा होता, "इतर उत्पन्न" या नावाखाली. मशीन एकदाच विकलं जातं. त्याला १० ने गुणलं की २ कोटी २० लाखांची हवा तयार होते. मालक आणि त्याचा मुलगा सकाळी सातपासून भट्टीवर उभे असतात, पण त्या वर्षी दोघांनी पगारच घेतला नव्हता. त्यांच्या जागी माणसं ठेवायची तर वर्षाला २४ लाख तरी लागतील. शेड मालकाच्या बायकोच्या नावावर, भाडं शून्य. तसल्या शेडला १४ लाख भाडं पडतं. तिघांची बेरीज ६० लाख. खरा एबिटडा १ कोटी.

त्यातून ४२ लाख घसारा आणि ३२ लाख व्याज गेलं की उरतात २६ लाख, आणि करानंतर साधारण साडेएकोणीस लाख. तक्त्यात दाखवलेले ६४ लाख कुठे आणि हे कुठे!

आता गुणकाचं. पाच कंपन्यांचे पी/ई होते १३, १६, १७, १९ आणि ६०. सरासरी २५ येते, पण पाचातल्या चार कंपन्या २० च्या खाली आहेत. ती ६० वाली कंपनी महाग नव्हती. त्या वर्षी तिचा नफाच आपटला होता, आणि भाव त्या प्रमाणात पडला नव्हता. छेदात छोटा आकडा आला की पी/ई फुगतो. अशा वेळी मधला आकडा बघायचा, तो १७. शिवाय त्या कंपन्यांवर कर्ज नगण्य. बिनकर्जी कंपनीचा पी/ई कर्जबाजारी कंपनीला लावताच येत नाही. कर्ज असलं की नफा थोडा हलला तरी मालकाच्या वाट्याला येणारी रक्कम जोरात हलते, आणि त्या जोखमीपोटी खरेदीदार कमी पट देतो.

ईव्हीचा गुणक ठरवतानाही तिने कंपन्यांची नावं एकेक वाचली. एक मशीनिंग करून निर्यात करणारी, दुसरी फोर्जिंगचीच, सँड कास्टिंग करतच नाही. आपली फाउंड्री १२ कोटी उलाढालीची, त्यातला बहुतेक माल ट्रॅक्टरचे भाग घेणाऱ्या एकाच गिऱ्हाईकाला जातो. शिवाय ते वर्ष चांगलं होतं. भंगाराचे भाव उतरत होते आणि गिऱ्हाईक दर तिमाहीने दर बदलायचं, त्यामुळे मधले तीन महिने जुन्या दराने माल जात होता. भाव चढतात तेव्हा तेच तीन महिने उलटे फिरतात. हे सगळं धरून तिने ५ पट घेतली, आणि स्पष्ट सांगितलं की हा अंदाज आहे, कुणी ४ म्हणेल, कुणी ६.

१ कोटी गुणिले ५, वजा ३ कोटी ३० लाख. अख्ख्या कंपनीच्या शेअरची किंमत १ कोटी ७० लाख. माझे ५ टक्के साडेआठ लाख. तिला साडेएकोणीस लाखांच्या नफ्याने भागून पाहिलं तर पी/ई पावणेनऊच्या आसपास येतो, म्हणजे आता दोन्ही पद्धती खरोखर एकमेकींशी बोलत होत्या. ४ पट घेतली तर किंमत ७० लाखांवर येते, ६ घेतली तर २ कोटी ७० लाखांवर जाते. गुणक ४ चा ६ झाला की शेअरची किंमत जवळजवळ चौपट होते, कारण कर्ज तेवढंच राहतं. हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. मला एकच ठाम आकडा दाखवला होता.

आणि ते साडेआठ लाखही हातात येणारे नाहीत. बाजारातला शेअर सकाळी विकता येतो. प्रायव्हेट कंपनीचा शेअर हस्तांतरित करायला संचालक मंडळाची संमती लागते, आणि मंडळ म्हणजे मालक, बायको आणि मुलगा. ५ टक्क्यांवर ना संचालकपद, ना लाभांश मागायची ताकद. बाजारातल्या गुणकात विकता येण्याची किंमत आधीच धरलेली असते, ती माझ्याकडून पूर्ण वसूल केली.

माझे ८० लाख कंपनीत गेलेच नाहीत, हेही तेव्हाच कळलं. मालकाने स्वतःचे शेअर्स एसएच-४ फॉर्मवर माझ्या नावावर केले, पैसे त्याच्या खात्यात गेले. "नवी इंडक्शन फर्नेस येणार" म्हणून सांगितलं होतं, ती आली नाही. सल्लागाराला त्यातले २ टक्के मिळाले. तो नोंदणीकृत मूल्यांकक नव्हता, आणि मी तेही विचारलं नव्हतं.

मालकाने गेल्या महिन्यात निरोप धाडला, १० लाखांना शेअर परत घेतो, तक्रार मागे घ्या. वकिलांच्या सल्ल्याने मी उत्तरात तीन वर्षांचे ताळेबंद, कर्जखात्यांचे उतारे आणि कुटुंबाच्या कर्जाचा तपशील मागितलाय. पोचपावती आली, कागद अजून आलेले नाहीत.