रंगवलेले केस, ड्राय शाम्पू आणि दोन धुण्यांमधले अंतर: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी केसांना पहिल्यांदा गडद तांबूस रंग लावून घेतला आणि गणपती येईपर्यंत त्यातला तांबूसपणा जवळजवळ सगळा उतरून मागे फिकट, पिवळसर केस उरले. पुण्यात मी रोज हेल्मेट घालून स्कूटरने ऑफिसला जाते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाळू तेलकट होते, आणि म्हणून तेव्हा मी एक दिवसाआड केस धूत असे. नोव्हेंबरमध्ये त्याच पार्लरमध्ये तोच रंग पुन्हा लावून घेतला, तेव्हा दोन धुण्यांमधले अंतर चार दिवसांवर न्यायचे आणि मधले दिवस ड्राय शाम्पूवर काढायचे, असे ठरवले. त्यानंतरच्या सात महिन्यांचा हा अनुभव आहे.

रंग लावल्यावर केसांची टोके कापली गेली, त्यांतल्या तीन बटा मी मागून घेतल्या. एक बट कागदी लिफाफ्यात घालून कपाटात ठेवली, म्हणजे पुढे तुलना करण्यासाठी मूळ रंग हाताशी राहील. उरलेल्या दोन बटांपैकी एक साध्या कोमट पाण्याच्या वाटीत आणि दुसरी शाम्पू घातलेल्या पाण्याच्या वाटीत अर्धा तास ठेवली. शाम्पूच्या पाण्याला रंग थोडा अधिक आला होता, पण साधे पाणीही स्पष्टपणे तांबूस झाले होते. रंग उतरतो तो शाम्पूमुळे, अशी माझी तोवर पक्की समजूत होती आणि म्हणून मी महागडा सल्फेटविरहित शाम्पू वापरत होते. केस नुसते भिजले तरी रंग जातो, हे त्या वाटीत पहिल्यांदा दिसले. पाण्याने केस फुगतो, त्याच्या बाहेरच्या आवरणाचे खवले किंचित उचलले जातात आणि आत बसलेले रंगाचे कण बाहेर पडतात. आपल्या काळ्या केसांवर तांबूस छटा दिसण्यासाठी आधी मूळचा काळा रंग उतरवावा लागतो, त्यात केस सच्छिद्र होतो, आणि तांबड्या छटा तशाही इतर छटांपेक्षा लवकर उतरतात. बारा आठवड्यांत एक दिवसाआड धुतल्यास केस 42 वेळा भिजतात, दर चौथ्या दिवशी धुतल्यास 21 वेळा. ड्राय शाम्पूचा उपयोग एवढाच आहे की तो हे 21 वेळचे भिजणे टाळू देतो. रंगाचे रक्षण करणारा कोणताही गुण त्याच्या स्वतःच्या अंगी नाही.

मी वापरलेल्या फवाऱ्याच्या डब्यात तांदळाचा स्टार्च, अल्कोहोल आणि फवारा बाहेर ढकलणारा ज्वलनशील वायू होता. स्टार्च टाळूवरचे तेल शोषून घेतो, पण घाम, धूळ आणि मृत त्वचा तिथेच राहतात, त्यामुळे त्याला धुण्याचा पर्याय समजू नये. पहिल्या महिन्यात मी तो चुकीच्या वेळी वापरत होते: तिसऱ्या दिवशी सकाळी, केस पूर्ण तेलकट झाल्यावर, घाईत आणि भरपूर. तेव्हा स्टार्च तेलात मिसळून मुळांशी चिकट थर बसत असे. आता मी दुसऱ्या दिवशी रात्री, केस अजून बरे दिसत असतानाच, भांग पाडत पाडत सुमारे वीतभर अंतरावरून फक्त मुळांवर प्रत्येक भागी जेमतेम दोन सेकंद फवारते, दोन-तीन मिनिटे थांबते, बोटांच्या पेरांनी चोळते आणि ब्रशने झाडून टाकते. झोपेत स्टार्च हळूहळू तेल घेत राहतो आणि सकाळी केस मोकळे असतात. तिसऱ्या दिवशी रात्री याहून कमी प्रमाणात पुन्हा एकदा, आणि चौथ्या दिवशी केस धुते. लांबीवर मी अजिबात फवारत नाही, कारण अल्कोहोलने रंगवलेली टोके कोरडी पडतात. फवारताना खिडकी उघडी असावी आणि जवळ गॅस किंवा देवघरातले निरांजन पेटलेले नसावे, हे मात्र आवर्जून सांगते.

डिसेंबरच्या अखेरीस आरशात रंग एकाएकी फिका, राखाडीसर दिसू लागला आणि सगळा खटाटोप वाया गेला असे मला वाटले. प्रत्यक्षात तो मुळांवर साचलेल्या स्टार्चचा पांढुरका थर होता. ओलसर पंचाने एक बट पुसली तेव्हा खालचा रंग जसाच्या तसा होता. त्यामुळे रंग उतरला आहे का हे ठरवायचे असल्यास ते धुऊन वाळवलेल्या केसांवर, दिवसाच्या उजेडात पाहावे. मी दर महिन्याला लिफाफ्यातली बट खिडकीपाशी केसांना लावून पाहत होते. जुलैचा रंग सहाव्या आठवड्यात जिथे पोहोचला होता, तिथे हा रंग साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यात पोहोचला. फेब्रुवारीत मुळांना पुन्हा रंग लावताना लांबीवर फक्त हलका हात फिरवावा लागला.

तेलाची सवय मात्र बदलावी लागली. रात्रभर डोक्यावर तेल ठेवले की ते काढण्यासाठी दोनदा शाम्पू लागतो, आणि तेलकट टाळूवर ड्राय शाम्पू निरुपयोगी ठरतो. आता केस धुण्यापूर्वी तासभर, चमचाभर खोबरेल तेल फक्त लांबीला लावते. खोबरेल तेल केसात मुरते आणि पाण्याने होणारे फुगणे कमी करते, म्हणून रंगवलेल्या केसांना ते इथेही उपयोगी पडते.

मार्चमध्ये थंडीतल्या यशाने हुरळून मी अंतर सहा दिवसांवर नेले, आणि ती माझी खरी चूक होती. उन्हाळा, हेल्मेटमधला घाम आणि टाळूवर साचलेला स्टार्च यांमुळे तीन आठवड्यांत कानांच्या मागे आणि भांगात खाज सुटली. सुरुवातीला पडणारी पांढरी भुकटी मी ड्राय शाम्पूचीच समजले. दोन्हींतला फरक असा की स्टार्च कोरडा असतो आणि ब्रशने किंवा ओल्या कापडाने निघून जातो, तर कोंड्याचे पापुद्रे पिवळसर व तेलकट असतात, टाळूला चिकटून राहतात आणि खालची त्वचा लालसर दिसते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले की टाळूवर सर्वांच्याच असणारी एक यीस्ट तेलावर जगते, आणि तेल धुतले गेले नाही की ती माजते. त्यांनी ड्राय शाम्पू महिनाभर बंद करायला लावला आणि किटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून, वापरायला दिला. त्या महिन्यात रंग काहीसा उतरला, पण टाळू बरी झाली. ज्यांना आधीपासून कोंडा किंवा टाळूचा सोरायसिस आहे, त्यांनी हा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

एप्रिलच्या अखेरीपासून मी तीन दिवसांचे अंतर ठेवले आहे आणि दोन धुण्यांच्या मध्ये ड्राय शाम्पू एकदाच, दुसऱ्या रात्री वापरते. जूनच्या पावसात मात्र घरी येताना शेपटा दोनदा पूर्ण भिजला, आणि तेही रंगाच्या दृष्टीने धुण्यासारखेच आहे, म्हणून आता रेनकोटच्या टोपीखाली अंबाडा बांधून प्लास्टिकची टोपी घालते. फवारा संपला तसा दुसरा डबा आणलेला नाही. पावसाळ्यात केस तीन दिवसांतच धुवावे लागतात आणि तेवढ्यासाठी उरलेला अर्धा डबा गौरी-गणपतीपर्यंत पुरेल, असे वाटले होते, पण तो मागच्या आठवड्यात संपला. त्यामुळे नवा घेताना या वेळी तपकिरी छटेचा घेणार आहे, म्हणजे भांगातला पांढुरका थर तरी दिसणार नाही.