दुबईच्या गिऱ्हाइकाला बीजक डॉलरमध्ये, दिरहममध्ये की रुपयांत?

जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत निर्यात-आयातीचे व्यवहार मिटवण्याची वाट मोकळी केली. 15 जुलै 2023 ला संयुक्त अरब अमिरातीशी करार झाला आणि महिनाभरात इंडियन ऑइलने अबुधाबीच्या अ‍ॅडनॉकला कच्च्या तेलाचे पैसे रुपयांत चुकते केले. तेल कंपनीला जे जमले ते तासगावहून बेदाणा पाठवणाऱ्याला परवडेल का, याचं उत्तर मात्र हिशेबात आहे.

समजा, 50,000 डॉलरचा माल आहे, उधारी 60 दिवसांची आणि डॉलर 85 रुपये. म्हणजे 42.5 लाख रुपये.

आधी दिरहम बाजूला काढू. त्याचा दर 1997 पासून एका डॉलरला 3.6725 असा बांधलेला आहे. बीजक 1,83,625 दिरहमचं केलं, तरी रुपया वरखाली झाल्याचा फटका किंवा फायदा डॉलरइतकाच राहतो. शिवाय रुपया-दिरहम थेट बाजार पातळ असल्याने बँक बहुतेकदा दर डॉलरवरूनच काढते. वाचतं ते एवढंच, की पैसा अमेरिकेतल्या मधल्या बँकेतून फिरत नाही. गिऱ्हाइकाचा आग्रह असेल तर मान्य करावं, पण त्यात जोखीम कमी होते असं समजू नये.

खरी तुलना डॉलर आणि रुपयाची. डॉलर आले की बँक बदलून देताना बाजारभावापेक्षा, समजा, 20 पैसे कमी देते. म्हणजे 10,000 रुपये गेले. रुपयांत बीजक केलं तर हे वाचतात, आणि 60 दिवसांत डॉलर 84 वर उतरला तर होणारे 50,000 चं नुकसानही टळतं. अर्थात 86 वर चढला तर तेवढाच फायदाही हातचा जातो.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. डॉलरचं बीजक असेल तर ते डॉलर आजच दोन महिन्यांनंतरच्या भावाने विकून ठेवता येतात, आणि हा फॉरवर्ड भाव सहसा आजच्यापेक्षा जास्त असतो. प्रीमियम वर्षाला 2 टक्के धरला तर दोन महिन्यांचे साधारण 14,000 रुपये होतात. आजच्या 85 च्या दराने रुपयांत किंमत सांगितली, तर 10,000 वाचवायला 14,000 सोडल्यासारखं होतं. म्हणून रुपयांतला भाव सांगायचाच असेल तर 60 दिवसांच्या फॉरवर्ड दराने काढा. एवढं करूनही गिऱ्हाईक सूट मागेलच, कारण रुपयाची जोखीम आता त्याच्या डोक्यावर आली. त्याचा पुढचा सगळा धंदा दिरहममध्ये असतो.

डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट घेत असाल, किंवा यंत्रं-कच्चा माल डॉलरमध्ये आणत असाल, तर रुपयांकडे वळण्यात फारसा अर्थ नाही. फेडायला डॉलर लागणार आणि यायचे मात्र रुपये.

गणित जमलं तर पुढचा प्रश्न खात्याचा. गिऱ्हाइकाच्या बँकेचं भारतातल्या एखाद्या बँकेत विशेष रुपया वोस्ट्रो खातं हवं, आणि त्यात शिल्लक हवी. करार करण्याआधी आपल्या बँकेला विचारा: या परदेशी बँकेचं खातं कुठे आहे, कोणत्या प्रकारचं आहे, आणि वसुलीचं प्रमाणपत्र निर्यात म्हणूनच मिळेल ना? उत्तर लेखी घ्या. करार, बीजक, शिपिंग बिल आणि पतपत्र असेल तर त्यावरही चलन रुपयेच लिहा. एका कागदावर डॉलर राहिला की आलेली रक्कम शिपिंग बिलाशी जुळवताना अडकते. गिऱ्हाइकाने भारतातल्या नातेवाइकाच्या खात्यातून रुपये पाठवले, तर ती निर्यातीची वसुली धरली जात नाही आणि निर्यातीच्या सवलती धोक्यात येतात.

शिल्लक कुठून येते, हे देशागणिक बदलतं. अमिरातीकडून आपण विकतो त्यापेक्षा जास्त घेतो, त्यामुळे आयातदारांनी रुपयांत पैसे दिले तर तिथल्या बँकांकडे रुपये साचतात आणि निर्यातदाराला ते मिळू शकतात. रशियाच्या बाबतीत हे साचणं हाताबाहेर गेलं. मे 2023 मध्ये गोव्यात बाणावलीला परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी सांगितलं, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. असे रुपये सरकारी रोख्यांत गुंतवता येतात, पण तेल विकणाऱ्याला रोखे नको असतात. बांगलादेशात उलटं आहे. तिथे आपण विकतो जास्त, घेतो कमी. जुलै 2023 मध्ये सोय सुरू झाली खरी, पण त्यांच्याकडे रुपये येणार ते त्यांच्या भारतातल्या निर्यातीपुरतेच. ढाक्याचं गिऱ्हाईक रुपयांत द्यायला तयार असलं, तरी त्याच्या बँकेकडे ते असतीलच असं नाही. तिथे माल निघण्याआधी आगाऊ रक्कम किंवा पक्कं पतपत्र मागा.