चुकीच्या जीएसटी नंबरवर गेलेलं बिल: रिटर्नमध्ये दुरुस्ती की क्रेडिट नोट?

खरेदीदाराच्या जीएसटी नंबरमध्ये एखादा अंक चुकून बिल दुसऱ्याच्या खात्यात जातं, असा बहुतेकांचा समज असतो. असं क्वचितच घडतं. पंधरा अक्षरांच्या नंबरातलं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून ठरतं, त्यामुळे एक अंक चुकला की पोर्टल सहसा तो नंबर घेतच नाही. खरा घोळ होतो तो पार्टी निवडताना. एकाच घरातली एक प्रोप्रायटरशिप आणि एक प्रायव्हेट लिमिटेड, किंवा एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या शाखा सॉफ्टवेअरच्या यादीत एकाखाली एक असतात आणि बिल करणाऱ्याचं बोट शेजारच्या नावावर पडतं. नंबर पूर्ण वैध असतो, फक्त दुसऱ्याचा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या एका फौंड्रीने १४ जून २०२५ ला कास्टिंगचं बिल केलं. किंमत ४,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ७५,६०० रुपये कर, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. माल साताऱ्याच्या प्रायव्हेट लिमिटेडला पोचला, पण जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, त्याच घरातल्या ट्रेडिंग फर्मचा नंबर गेला. रिटर्न ११ जुलैला भरलं आणि करही भरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीने कळवलं, ‘तुमचं बिल टू-बीमध्ये दिसत नाही, कराची रक्कम रोखून ठेवली आहे.’ टू-बी म्हणजे खरेदीदाराला कोणत्या बिलांवरच्या कराचं क्रेडिट मिळतं याची पोर्टलने केलेली यादी. आता काय करायचं?

दोन वाटा आधीच बाद होतात. ई-इनव्हॉइस असेल तर आयआरएन, म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक, २४ तासांत रद्द करता येतो. ती वेळ गेली. दुसरी वाट जीएसटीआर-१ए ची. जुलै २०२४ च्या करकालावधीपासून आलेला हा फॉर्म त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ मधल्या चुका थ्रीबी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, भरण्याआधी सुधारण्यासाठी आहे. महिनाअखेरीस चूक कळली की अनेकजण आधी तिकडेच धावतात, पण खरेदीदाराचा नंबर त्यात बदलता येत नाही. तो बदल पुढच्या एखाद्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच होतो.

म्हणून निवड उरते दोघांत: तक्ता ९ए मधली दुरुस्ती, किंवा चुकीच्या पार्टीला क्रेडिट नोट आणि खऱ्या पार्टीला नवं बिल.

आधी दुरुस्ती. ऑगस्टचं जीएसटीआर-१ भरताना तक्ता ९ए उघडायचा (पोर्टलवर तो `9A` आणि `B2BA` या नावांनी दिसतो), आर्थिक वर्ष निवडून मूळ बिलाचा क्रमांक द्यायचा आणि समोर आलेल्या नोंदीत फक्त खरेदीदाराचा नंबर बदलायचा. बिलाचा क्रमांक, तारीख, किंमत आणि कर जसाच्या तसा ठेवायचा. सारांशात करातला निव्वळ फरक शून्य दिसला पाहिजे. तिथे एक रुपयाही दिसला तर रिटर्न भरू नका, काहीतरी जादा बदललं गेलं आहे. ११ सप्टेंबरपर्यंत हे झालं की १४ तारखेला तयार होणाऱ्या टू-बीमध्ये साताऱ्याच्या कंपनीला बिल दिसतं. तेच बिल पुन्हा दुरुस्त करता येईल या भरवशावर राहू नका. भरण्यापूर्वी नवा नंबर पोर्टलवर शोधून त्यापुढचं नाव वाचून घ्या.

क्रेडिट नोटची वाट हिशेबनीसांना जवळची वाटते, कारण खातेवहीत सगळं चटकन जुळतं: एक उलटी नोंद, एक नवी नोंद. कागद मात्र जुळत नाही. कलम ३४ ची क्रेडिट नोट किंमत वा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा त्यात उणीव निघाली असेल तेव्हा असते. इथे ट्रेडिंग फर्मला माल गेलाच नव्हता, मग परत काय आलं? हा प्रश्न अधिकारी विचारतोच.

दुसरी अडचण नव्या बिलाच्या तारखेची. माल जूनमध्ये गेला आणि बिल सप्टेंबरचं. मालाचं बिल माल निघताना किंवा त्याआधी व्हावं लागतं. ई-वे बिल आणि बिल्टीवर जुना क्रमांक, खरेदीदाराच्या हातात नवा. जूनच्या विक्रीवरचा कर ऑक्टोबरमध्ये भरला असा अर्थ कोणी लावला तर २० जुलै ते २० ऑक्टोबर या ९२ दिवसांचं १८ टक्क्यांनी व्याज सुमारे ३,४३० रुपये होतं. कर जुलैतच भरला होता हे दाखवून ते खोडता येतं, पण खोडत बसावं लागतं.

तिसरी अडचण आयएमएसची, आणि माझ्या मते सर्वांत बोचरी. ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीदार पोर्टलवर प्रत्येक बिल आणि क्रेडिट नोट स्वीकारू किंवा नाकारू शकतो. ट्रेडिंग फर्मच्या लेखी तुमचं बिलच अनोळखी. तिच्या हिशेबनीसाने ‘हे आमचं नाही’ म्हणून क्रेडिट नोट नाकारली, तर ७५,६०० रुपये तुमच्या पुढच्या थ्रीबीच्या देण्यात परत येऊन बसतात. बिल नाकारल्याने तुमचं देणं बदलत नाही, क्रेडिट नोट नाकारली तर वाढतं. शिवाय वित्त कायदा २०२५ ने कलम ३४ कडक केलं: समोरच्याने क्रेडिट घेतलं असेल आणि उलटवलं नसेल, तर तुम्हाला कर कमी करता येत नाही.

इतकं असूनही एका परिस्थितीत क्रेडिट नोटच्या बाजूने खरा मुद्दा आहे. मूळ बिलाच्या कागदावर काय आहे ते पाहा. छापील बिलावर कंपनीचं नाव आणि नंबर बरोबर असेल आणि चूक फक्त रिटर्न भरताना झाली असेल, तर विचार करायची गरजच नाही, तक्ता ९ए. पण पाच कोटींच्या वरची उलाढाल असेल तर बिल ई-इनव्हॉइस आहे आणि सही झालेल्या त्या बिलावरच फर्मचा नंबर आहे. क्रेडिट घेणाऱ्याच्या कागदावर काही तपशील कमी असले तरी नियम ३६(२) चालवून घेतो, पण पुरवठादाराचा आणि खरेदीदाराचा नंबर त्या सवलतीत बसत नाही. हाताने दुरुस्त केलेली प्रत उपयोगाची नाही, कारण ई-इनव्हॉइस लागू असलेल्याचं आयआरएनशिवायचं बिल बिल धरलं जात नाही. रिटर्न दुरुस्त झालं तरी खरेदीदाराच्या फायलीत दुसऱ्याच्या नंबरचा कागद राहतो.

अशा वेळी माझा कल असा: कागदावर नाव खऱ्या कंपनीचं आणि फक्त नंबर चुकला असेल, तर दुरुस्ती करावी आणि सोबत तुमचं सहीशिक्क्याचं पत्र द्यावं. नाव, पत्ता, नंबर सगळंच दुसऱ्याचं असेल, खरेदीदार कागदासाठी अडून बसला असेल आणि चुकीची पार्टी ओळखीची, सांगितलं तर क्रेडिट नोट स्वीकारणारी असेल, तरच क्रेडिट नोट काढावी. नव्या बिलावर जुन्या बिलाचा क्रमांक, तारीख आणि ई-वे बिलाचा उल्लेख ठेवा.

मुदत दोन्हींना सारखीच आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न, जे आधी येईल ते. जून २०२५ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६. व्यवहारात ऑक्टोबरचं जीएसटीआर-१ ही शेवटची गाडी, कारण खरेदीदारालाही त्याच ३० नोव्हेंबरच्या आत क्रेडिट घ्यायचं असतं. मुदत गेल्यावर पोर्टल बंद, मग उच्च न्यायालयच. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्टार इंजिनिअर्सच्या प्रकरणात नेमक्या याच चुकीसाठी, तिसऱ्याचा नंबर पडलेल्या बिलांसाठी, जीएसटीआर-१ दुरुस्त करू द्यायला सांगितलं. सरकारच्या महसुलाचं नुकसान नव्हतं. पण ७५,६०० रुपयांसाठी रिट याचिका कोण करणार?

आता अधिकाऱ्याला समजावणं. नोटीस बहुधा एएसएमटी-१० च्या रूपात येते आणि उत्तर एएसएमटी-११ मध्ये जातं, मुदत नोटिशीत असते, जास्तीत जास्त ३० दिवस. ई-वे बिल एकाच्या नावावर आणि जीएसटीआर-१ दुसऱ्याच्या, हा फरक संगणकाने काढलेला असतो. अधिकाऱ्याला चुकीची कहाणी नको असते. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: माल एकदाच गेला, कर एकदाच भरला गेला, क्रेडिट एकानेच घेतलं. उत्तर त्याच क्रमाने लिहा आणि वर छोटा तक्ता द्या:

| | मूळ नोंद | दुरुस्त नोंद |
|---|---|---|
| रिटर्न | जून २०२५, तक्ता ४ | ऑगस्ट २०२५, तक्ता ९ए |
| खरेदीदार | ट्रेडिंग फर्म | प्रायव्हेट लिमिटेड |
| किंमत | ४,२०,००० | ४,२०,००० |
| कर | ७५,६०० | ७५,६०० |

माल गेल्याचा पुरावा म्हणजे बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि कंपनीच्या गेटवरची आवक नोंद. कर भरल्याचा पुरावा जूनचं थ्रीबी. पैसे कंपनीच्या बँक खात्यातून आले हे दाखवणारा उतारा जोडलात तर निम्मं काम झालं; पैसे फर्मच्या खात्यातून आले असतील तर मात्र पुढे जाण्याआधी सीएशी बोला, तो वेगळाच प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या हातात नसते आणि उत्तरं तिथेच लंगडी पडतात. ट्रेडिंग फर्मकडून लेटरहेडवर लिहून घ्या: ‘क्रमांक अमुक, दिनांक १४ जून २०२५ चे बिल आमचे नाही. त्यावरील क्रेडिट आम्ही घेतलेले नाही.’ घेतलं असेल तर कोणत्या महिन्याच्या थ्रीबीत उलटवलं ते लिहावं. हे पत्र दुरुस्ती केली त्याच आठवड्यात मागा. दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा फर्मचा हिशेबनीस बदललेला असतो.

दंडाची भाषा निघाली तर कलम १२६ दाखवा: फसवणुकीचा हेतू किंवा ढोबळ निष्काळजीपणा नसलेल्या, सहज दुरुस्त होणाऱ्या चुकीला दंड लावायचा नसतो. नोटिशीच्या आधीच दुरुस्ती झालेली असेल तर हा मुद्दा जड ठरतो, म्हणून ऑगस्टचं रिटर्न भरल्याची तारीख ठळक लिहा.

जुन्या वर्षांची नोटीस असेल तर वेगळी सोय आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी परिपत्रक १८३, आणि डिसेंबर २०२१ पर्यंतच्या व्यवहारांसाठी १९३, यांत चुकीच्या नंबरचा प्रसंग नावानिशी दिला आहे. एका पुरवठादाराकडच्या वर्षभराच्या क्रेडिटचा फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र, त्याखाली पुरवठादाराचं. ज्याचा नंबर चुकून पडला त्याच्या अधिकाऱ्याला मग विभागच कळवतो. जानेवारी २०२२ पासूनच्या बिलांना ही सोय लागू होत नाही, तरी उत्तरात तिचा आधार घेणारे भेटतात आणि अधिकारी पहिल्याच परिच्छेदात ते खोडतो.

उत्तर मान्य झालं की एएसएमटी-१२ येतं. ते उतरवून घ्या आणि एक प्रत साताऱ्याच्या कंपनीलाही द्या, कारण तिच्या अधिकाऱ्याची नोटीस वेगळ्या वेळी येते आणि त्याला तुमची फाईल दिसत नाही.